चूर्णाचं लेबल इंग्रजीत नेताना

पंचसकार चूर्ण महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत माहीत असतं. सुंठ, सनाय म्हणजे सोनामुखी, शिवा म्हणजे हिरडा, सौंफ म्हणजे बडीशेप आणि सैंधव अशी 'स'ची पाच नावं एकत्र आली, म्हणून ते पंचसकार. पोट साफ होण्यासाठी रात्री घ्यायचं साधं चूर्ण. निर्यातीच्या लेबलाचं काम शिकायला मी नव्या माणसांपुढे हेच ठेवते, कारण यात घटक पाचच असले तरी भाषांतरात चुकण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा यात आहेत.

समजा, एका लहान कारखान्याचं हे चूर्ण अमेरिकेतल्या एका भारतीय किराणा वितरकाला पाठवायचं आहे. डबीवरचा मराठी मजकूर साधारण असा असतो:

घटक (प्रत्येक 5 ग्रॅममध्ये): सुंठ, सोनामुखी, हिरडा, बडीशेप, सैंधव, प्रत्येकी 1 ग्रॅम. उपयोग: बद्धकोष्ठता, पोटदुखी, गॅसेस, मूळव्याध. मात्रा: रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा कोमट पाण्यातून. लहान मुलांना निम्मी मात्रा. सूचना: गर्भवती स्त्रियांनी घेऊ नये. दीर्घकाळ घेऊ नये.

हे अर्ध्या तासात इंग्रजीत होईल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन-तीन दिवस जातात, आणि त्यातला बराचसा वेळ लिहिण्यात नाही, विचारण्यात जातो.

आधी कागद मागवा

डबीवरचा मजकूर हा मूळ मजकूर नसतो, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. मूळ असतो तो परवान्यासोबत मंजूर झालेला फॉर्म्युला. महाराष्ट्रात आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. त्या कागदात प्रत्येक घटकाचं संस्कृत नाव, वनस्पतीशास्त्रीय नाव, वनस्पतीचा कुठला भाग वापरला आणि किती, हे लिहिलेलं असतं. डबीवर जागा वाचवायला किंवा ग्राहकाला समजावं म्हणून त्यातलं बरंच गाळलेलं असतं. आपल्या उदाहरणात डबीवर नुसतं 'हिरडा' आहे, पण फॉर्म्युल्यात 'बालहरीतकी' निघाली. या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पुढे त्याबद्दल सांगते.

कुठे 'इत्यादी' किंवा 'व अन्य वनौषधी' असं छापलेलं असेल तर तिथेच थांबा. परक्या देशाच्या लेबलावर 'इत्यादी'ला जागा नाही. घटक संपूर्ण यादीनेच जातात, आणि ती यादी तुम्ही अंदाजाने पूर्ण करायची नाही.

कायद्याचा एक धागा इथेच समजून घ्या. भारतातल्या आयुर्वेदिक लेबलाचे नियम 1945 च्या औषधं व सौंदर्यप्रसाधन नियमांतल्या 161 व्या नियमात आहेत. निर्यातीसाठी 161-ए हा वेगळा नियम आहे. माल ज्या देशात जाणार त्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेबल बदलायची मुभा तो देतो, पण औषधाचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारखा अशा काही गोष्टी तरीही राहाव्या लागतात. म्हणून 'तिकडच्या नियमाला लागत नाही' एवढ्यावरून परवाना क्रमांक पुसू नका. वितरकाला उत्पादकाचं नाव लेबलावर नको असेल तर त्याची परवानगी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. तो प्रश्न कारखान्याचा आहे, भाषांतरकाराने परस्पर सोडवण्याचा नाही.

नाव भाषांतरित करायचं नसतं, ओळखायचं असतं

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक बडीशेपेची आहे. सुरुवातीच्या काळात एका मुखवासाच्या लेबलावर मी बडीशेपेला 'ॲनिसीड' लिहिलं. हॉटेलांच्या मेनूत, मिठाईच्या पुड्यांवर आपल्याकडे सर्रास तसंच लिहितात, त्यामुळे मला शंकाही आली नाही. छपाई झाली, पेट्या भरल्या गेल्या, आणि वितरकाच्या तपासनिसाने लेबल परत पाठवलं. ॲनिस ही वेगळी वनस्पती आहे, पिंपिनेला ॲनिसम. आपली बडीशेप म्हणजे फीनिक्युलम व्हल्गेरी, इंग्रजीत फेनेल. मालात एक आणि कागदावर दुसरंच, असा त्याचा अर्थ झाला. कारखान्यातल्या बायकांनी तीन दिवस बसून प्रत्येक पाकिटावर हाताने स्टिकर लावले. ते पाहिल्यापासून मी शब्दकोशातून घटकाचं नाव उचलत नाही.

घटकाचं नाव ठरवायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: मराठी नाव, फॉर्म्युल्यातलं संस्कृत नाव, लॅटिन नाव आणि वनस्पतीचा भाग. यातला लॅटिनचा दुवा सगळ्यात भरवशाचा. भारत सरकारची आयुर्वेदिक फार्माकोपिया, म्हणजे औषधांचा अधिकृत प्रमाणग्रंथ, हा त्यासाठीचा पहिला आधार. मात्र तिच्यातली शीर्षकं नेहमीच्या नावांची नाहीत. सोनामुखी तिथे 'स्वर्णपत्री' या नावाने सापडते आणि बडीशेप 'मिश्रेया' या नावाने. 'शतपुष्पा' हा शब्द फॉर्म्युल्यात दिसला तर विशेष सावध व्हा. कुणी तो बडीशेपेसाठी वापरतात, कुणी बाळंतशेपेसाठी, आणि बाळंतशेप म्हणजे डिल, तिसरीच वनस्पती. अशा वेळी कारखान्याच्या कच्च्या मालाच्या खरेदीचं बिल आणि प्रयोगशाळेचा ओळख-अहवाल मागवा. प्रत्यक्ष पोत्यात काय आलं ते तिथे कळतं.

असाच घोळ 'ब्राह्मी'चा. महाराष्ट्रात बरेच जण ब्राह्मी म्हणून जी गोल पानांची वेल दाखवतात ती सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी. ग्रंथांतली ब्राह्मी बहुतेक ठिकाणी बॅकोपा धरतात. लेबलावर नुसतं 'ब्राह्मी' असेल तर इंग्रजीत काय लिहायचं हे मराठी शब्दावरून कधीच ठरवता येणार नाही.

हिरड्याकडे वळू. शब्दकोश हिरड्याला 'मायरोबॅलन' म्हणतो. पण बेहड्यालाही तो मायरोबॅलनच म्हणतो, आणि आवळ्यालाही. पुढे 'चेब्युलिक' हे विशेषण लागल्याशिवाय तो हिरडा होत नाही. त्याहून महत्त्वाचा फरक फळाच्या वयाचा. फार्माकोपियातली हरीतकी म्हणजे टर्मिनालिया चेब्युलाच्या पक्व फळाचं बी काढून उरलेलं कवच. आपल्या चूर्णात आहे तो बाळहिरडा, म्हणजे बी धरण्याआधीच गळालेलं किंवा तोडलेलं कोवळं फळ. एकाच झाडाचं असलं तरी लेबलावर 'अपक्व फळ' असंच जायला हवं. म्हणूनच सुरुवातीला फॉर्म्युला मागवायला सांगितलं.

वनस्पतीच्या भागाबद्दल मराठीतला एक शब्द फार फसवतो: साल. अर्जुनाची साल म्हणजे खोडाची, इंग्रजीत बार्क. डाळिंबाची साल म्हणजे फळाची, तिला पील किंवा रिंड. आणि 'हिरडेसाल' म्हणजे फळाचं कवच, पेरिकार्प. तिन्ही ठिकाणी 'बार्क' लिहिलेली लेबलं मी पाहिली आहेत. 'मूळ' या शब्दाचंही तसंच. सुंठ ही मुळी नाही, जमिनीखालचं खोड आहे, म्हणून रायझोम. शिवाय ती वाळवलेली आहे, हेही आलं पाहिजे. आलं आणि सुंठ यांना मराठीत दोन शब्द आहेत आणि वैद्यही त्यांचे गुण वेगळे मानतात. नुसत्या 'जिंजर'मध्ये तो फरक पुसला जातो.

सैंधवासाठी 'रॉक सॉल्ट' पुरे. त्याला 'ब्लॅक सॉल्ट' म्हणू नका, ते पादेलोण. 'हिमालयन पिंक' वगैरे तर अजिबात नको, कारण तो मालाच्या मूळ ठिकाणाबद्दलचा दावा होतो, आणि तो सिद्ध करणारा कागद कारखान्याकडे असेलच असं नाही. असंच एक लोकप्रिय पण अमेरिकेत चालत नाही असं नाव म्हणजे अश्वगंधेचं 'इंडियन जिन्सेंग'. 2002 च्या एका अमेरिकन कायद्यानुसार जिन्सेंग हे नाव फक्त पॅनॅक्स प्रजातीतल्या वनस्पतींनाच लावता येतं. ग्राहकाला ओळखीचं वाटावं म्हणून असे शब्द घालण्याचा मोह होतो, तो टाळा.

अमेरिकेसाठी अजून एक पायरी आहे. तिथे हे चूर्ण औषध म्हणून नाही, 'डाएटरी सप्लिमेंट' म्हणून जातं. तिथल्या नियमानुसार सप्लिमेंटमधल्या वनस्पतींची प्रचलित इंग्रजी नावं 'हर्ब्ज ऑफ कॉमर्स' या यादीच्या 1992 च्या आवृत्तीप्रमाणे लिहायची असतात, सोबत वनस्पतीचा भाग. यादीत नाव नसेल तर लॅटिन नाव सक्तीचं. माझा सल्ला असा की सक्ती नसली तरी लॅटिन नाव प्रत्येक वेळी द्या, आणि शेजारी आपलं नावही रोमन लिपीत राहू द्या. डबी हातात घेणारी माणसं बहुतेक आपलीच असतात. तिकडच्या मराठी घरातली आजी 'सोनामुखी' वाचूनच ठरवेल की हे घ्यायचं की नाही, 'सेना' हे इंग्रजी नाव वाचून नाही.

ग्रॅम आणि चमचा

मराठी लेबल 5 ग्रॅमचा हिशेब देतं आणि मात्रा चमच्यात सांगतं. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध कुठेच लिहिलेला नाही. घरातला 'एक चमचा' म्हणजे कुणाचा चहाचा, कुणाचा पोह्यांचा, आणि कुणी शीग लावून भरतं. इंग्रजीत टीस्पून आणि टेबलस्पून या दोन मापांत तिप्पट फरक आहे. सोनामुखीच्या बाबतीत तिप्पट म्हणजे रात्रभर पोटात मुरडा आणि जुलाब.

हे सोडवायचा मार्ग सोपा आहे. कारखान्याला सांगा की 5 मिलिचा मोजमापाचा चमचा घ्या, चूर्ण भरा, पट्टीने वरून सपाट करा आणि वजन करा. असं दहा वेळा करून सरासरी काढा. आपल्या उदाहरणात धरू की ती 3 ग्रॅम आली. मग प्रत्येक घटक 600 मिलिग्रॅम. मराठी लेबलावर 'अर्धा ते एक चमचा' आहे. अमेरिकन लेबलावर घटकांचा जो तक्ता द्यावा लागतो, त्यातलं 'सर्व्हिंग' मात्र एका वेळी घ्यायच्या जास्तीत जास्त मात्रेवर धरतात, म्हणून पूर्ण चमचा, 3 ग्रॅम.

आता सैंधवाचा हिशेब करून पाहा. 600 मिलिग्रॅम मिठात सुमारे 39 टक्के सोडियम धरलं तर 236 मिलिग्रॅम होतं, जवळच्या दहावर नेलं की 240. अमेरिकेत सोडियमचं दिवसाचं प्रमाण 2300 मिलिग्रॅम धरतात, त्याच्या हे दहा टक्के झालं. मराठी डबीवर सैंधव ही पाच वनौषधींमधली एक वस्तू दिसते, पण तिकडच्या तक्त्यात ती वनौषधींच्या यादीत नाही, वरच्या भागात सोडियम म्हणून जाते. रक्तदाबाच्या माणसाला ती ओळ वेगळी दिसणं गरजेचंच आहे. अंतिम आकडा मात्र प्रयोगशाळेच्या चाचणीवरून घ्या. सैंधवाची शुद्धता बदलते, आणि माझा हिशेब फक्त चाचणीचा आकडा बरोबर वाटतो का हे ताडून पाहण्यापुरता आहे.

एवढं झालं की तक्त्यातला मजकूर असा उभा राहतो:

```
Serving Size: 1 level teaspoon (3 g)

Sodium (from rock salt, Saindhava)       240 mg   10%
------------------------------------------------------
Ginger (Sunth), dried rhizome
  Zingiber officinale                    600 mg    †
Senna (Sonamukhi), leaf
  Senna alexandrina                      600 mg    †
Chebulic myrobalan (Bal Hirda), immature fruit
  Terminalia chebula                     600 mg    †
Fennel (Badishep), fruit
  Foeniculum vulgare                     600 mg    †

† Daily Value not established.
```

सोनामुखीचं लॅटिन नाव कारखान्याच्या कागदात कॅसिया अँगुस्टिफोलिया असं असू शकतं. ते त्याच वनस्पतीचं जुनं नाव. दोन्ही नावं एकाच लेबलावर टाकलीत तर वाचणाऱ्याला दोन वेगळे घटक वाटतील, म्हणून एकच ठेवा आणि चाचणी-अहवालावर, बिलावर तेच आहे याची खात्री करा. नाहीतर कस्टममध्ये कागद जुळत नाहीत.

सूचनेचा जोर

हा माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे वेळ द्या.

मराठीत सूचनेला तीन पायऱ्या असतात. 'घेऊ नये' म्हणजे बंदी. 'वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे' म्हणजे अट. 'शक्यतो टाळावे' म्हणजे सावधगिरी. इंग्रजीतही या तिन्हींना वेगळे शब्द आहेत: डू नॉट यूज, आस्क अ डॉक्टर बिफोर यूज, आणि अव्हॉइड. आपल्या मराठी वळणाने 'घेऊ नये'चं 'शुड नॉट बी टेकन' असं होतं. व्याकरणाने ते बरोबर, पण कानाला ते सल्ल्यासारखं लागतं. घाईत वाचणाऱ्या माणसाला बंदी ही बंदीच वाटली पाहिजे, म्हणून थेट आज्ञार्थ. 'सल्ल्यानेच' मधला 'च' तर हमखास हरवतो, आणि उरतं ते 'यू मे कन्सल्ट', म्हणजे वाटलं तर विचारा. एका अक्षरात अट होती, ती गेली.

जोडवाक्यंही तोडून पाहा. 'गर्भवती स्त्रियांनी व लहान मुलांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये' असं एका लेबलावर होतं. सल्ल्याची अट दोघांना, की फक्त मुलांना? मराठीवरून सांगता येत नाही. अशा वेळी तुम्हाला पटेल तो अर्थ निवडू नका. प्रश्न लिहून वैद्यांकडे पाठवा, उत्तर लेखी घ्या.

आपल्या चूर्णासाठी मी वैद्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी केली, तेव्हा ती मूळ सूचनांपेक्षा लांब झाली. संभाषण साधारण असं होतं:

"वैद्य मॅडम, 'लहान मुलांना निम्मी मात्रा' लिहिलंय. लहान म्हणजे किती वर्षांचं?"

"अहो, इथे पालक पोराला घेऊन येतात, मी बघून सांगते. नुसतं लेबल वाचून द्यायचं असेल तर बारा वर्षांखाली नकोच. ती ओळ काढा, आणि नको असं स्पष्ट लिहा."

"आणि 'दीर्घकाळ घेऊ नये'? दीर्घकाळ म्हणजे?"

"सोनामुखी आहे त्यात. सलग आठवड्याच्या वर नको. त्यानंतरही पोट साफ होत नसेल तर चूर्ण वाढवायचं नाही, तपासायचं."

"उपयोगात 'पोटदुखी' आहे."

यावर त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "तेही काढा. न तपासलेल्या पोटदुखीत रेचक देत नाहीत."

हा विसंवाद मूळ मराठी लेबलातच होता. वैद्यांच्या समोर बसलेल्या रोग्याला त्याने अपाय होत नाही, कारण पोटदुखी गॅसची आहे की अपेंडिक्सची हे त्या आधी पाहतात. पण दहा हजार किलोमीटरवर दुकानातून डबी उचलणाऱ्याच्या हातात फक्त लेबल असतं. त्याच्या पोटात अपेंडिक्स सुजलेलं असेल आणि 'पोटदुखीवर उपयुक्त' वाचून त्याने रेचक घेतलं तर जिवावर बेतू शकतं. भाषांतर करताना असा विसंवाद दिसला तर तो इंग्रजीत गुपचूप दुरुस्त करू नका आणि तसाच नेऊही नका. कारखान्याला कळवा, म्हणजे मराठी डबीसुद्धा सुधारेल.

सोनामुखीबाबत आणखी एक गोष्ट वैद्यांना विचारून घाला. जुलाब फार झाले की शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, आणि हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ते धोक्याचं ठरतं. मूळ लेबलावर हे नव्हतं. म्हणून 'इतर औषधं चालू असतील तर' ही ओळ भाषांतर म्हणून नाही, वैद्यांच्या लेखी उत्तरावरून जोडलेली आहे, आणि माझ्या फाइलमध्ये तशीच नोंद आहे. काय मूळचं आणि काय नवं, हे वेगळं ठेवा.

मजकूर शेवटी असा झाला:

```
DIRECTIONS: Adults: take 1/2 to 1 level teaspoon (1.5 to 3 g)
in lukewarm water at bedtime.
Do not use for more than 7 days in a row.

WARNING:
Do not use if you are pregnant.
Do not use if you have abdominal pain, diarrhea or loose stools.
Do not give to children under 12.
Ask a doctor before use if you are nursing, take any medication,
or have high blood pressure, heart or kidney disease.
Stop use if diarrhea or abdominal pain develops.
Do not exceed the stated dose. Keep out of reach of children.
```

'कोमट'साठी ल्यूकवॉर्म हाच शब्द, 'हॉट' नाही. आणि अनुपानाचं 'व्हेइकल' करणारे शब्दकोश बाजूला ठेवा. कुणी वाहनातून चूर्ण घेत नाही. 'कोमट पाण्यातून' एवढंच सांगायचं आहे.

कॅलिफोर्नियात सोनामुखी असलेल्या सप्लिमेंटवर राज्याने ठरवून दिलेली नोटीस छापावी लागते. माल तिथेही विकला जाणार असेल तर ती नोटीस शब्दशः घ्या, तिच्यात आपली इंग्रजी घालू नका. त्या नोटिशीत गर्भवतींना 'डॉक्टरांना विचारा' असं म्हटलेलं आहे, तर आपल्या मूळ लेबलावर 'घेऊ नये' आहे. नवी माणसं इथे विचारतात की मग आपली ओळ काढायची का. काढायची नाही. उत्पादकाने बंदी घातली आहे, ती सौम्य करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. दोन्ही ओळी राहतील, आणि आपली ठळक राहील.

हे चूर्ण 'एक्स्टर्नल यूज'चं नाही, आणि यात 'शेड्यूल ई-वन'मधलं विषारी द्रव्य नाही. तुमच्या पुढच्या लेबलात वत्सनाभ, कुचला, बिब्बा यांसारखं काही असेल तर भारतीय नियमांत त्यासाठी वैद्यकीय देखरेखीची वेगळी सूचना आहे, आणि तसा माल त्या देशात जाऊ शकतो का हाच पहिला प्रश्न असतो. ते काम अनुभवी माणसासोबतच करा.

उपयोगाची ओळ

इथे फार बोलायचं नाही, कारण या ओळीचं भाषांतर बहुतेक वेळा होतच नाही. अमेरिकेत सप्लिमेंटच्या लेबलावर रोग बरा होतो असं म्हणता येत नाही. मूळव्याध, पोटदुखी ही नावं गेली. 'आयुर्वेदिक औषध' या शब्दांमुळेही तिथे वस्तू औषधात मोडली जाऊ शकते, म्हणून वर 'डाएटरी सप्लिमेंट' येतं. बद्धकोष्ठतेसाठी 'ऑकेजनल कॉन्स्टिपेशन' असा मर्यादित शब्द वापरतात, आणि असा दावा छापला की तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने हे तपासलेलं नाही असं सांगणारं ठरावीक वाक्यही छापावं लागतं. दावा बाजारात आल्यापासून तीस दिवसांत तिथल्या प्रशासनाला कळवावं लागतं. सोनामुखी तिथे रेचक औषधांतही वापरली जाते, म्हणून ही ओळ आयातदाराच्या नियामक सल्लागाराने पाहिल्याशिवाय मी अंतिम करत नाही. कारखान्याचे मालक कधी कधी म्हणतात, "थोडं तरी लिहा हो, विकलं कसं जाणार?" त्यांचं दुखणं कळतं, पण बंदरात अडकलेला माल तर अजिबात विकला जात नाही.

हाच माल कॅनडा, युरोप किंवा दुबईला जाणार असेल तर ही ओळ आणि तक्ता पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. घटकांची ओळख आणि सूचनांचा जोर मात्र तसाच पुढे वापरता येतो, म्हणून ती यादी जपून ठेवा.

छापण्याआधी

इंग्रजी मजकूर तयार झाला की मूळ न पाहिलेल्या एखाद्या मराठी माणसाला तो द्या आणि प्रत्येक सूचना मराठीत तोंडी सांगायला लावा. 'गरोदर बाईने घ्यायचं नाही' असं आलं तर ठीक. 'गरोदर बाईने जपून घ्यावं' असं आलं तर इंग्रजी सैल आहे. हे करायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि माझ्या सैल ओळी याच पद्धतीने सगळ्यात जास्त पकडल्या गेल्या आहेत.

मग डिझायनरकडून आलेलं प्रूफ. तिथे मी मजकूर वाचत नाही, आधी आकडे वाचते. मिलिग्रॅममधला 'एम' गळून 600 ग्रॅम झालेलं पाहिलं आहे. शेवटच्या दोन सूचना जागेअभावी काढलेल्या पाहिल्या आहेत, आणि डिझायनरला वाटतं ती 'शेवटची' म्हणजे कमी महत्त्वाची. जागा कमी असेल तर वरचं चित्र लहान करायला सांगा.

शेवटी तारीख. कारखान्यातलं कोडिंग मशीन आपल्या सवयीने 05/08/26 असं छापतं. आपण ते 5 ऑगस्ट वाचतो, अमेरिकेत ते 8 मे वाचलं जातं, आणि तीन महिन्यांचा फरक पडतो. मशीनवर महिना अक्षरांत घालायला सांगा, `05 AUG 2026` असा. पहिली छापलेली डबी हातात आल्यावर ती सेटिंग खरंच बदलली आहे का, हे स्वतः पाहा.